विश्लेषण : हॉलमध्ये फुल्ल, बेडरूममध्ये गुल… वाय-फाय नेमके अडते कुठे?

अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड… पश्चिम आणि पूर्व उपनगरांत जुन्या सोसायट्या पाडून त्यांच्या जागी टॉवर उभे राहत आहेत. घर मोठे होते, लिफ्ट येते, पार्किंग मिळते. पण राहायला गेल्यावर अनेक कुटुंबांना एक नवीच अडचण भेटते. हॉलमध्ये इंटरनेट सुसाट चालते आणि अवघ्या २५ फुटांवरच्या बेडरूममध्ये साधा व्हिडीओ कॉलही टिकत नाही. जुन्या घरात हाच राउटर सगळीकडे पुरत होता. मग कंपनीला फोन होतो, १०० एमबीपीएसचा प्लॅन ३०० चा केला जातो, दरमहा जास्त पैसे जातात आणि बेडरूममधील परिस्थिती तशीच राहते. दोष बहुतेक वेळा प्लॅनमध्ये नसतोच. तो राउटर आणि पलंग यांच्यामधल्या भिंतींमध्ये असतो. तो कसा ओळखायचा आणि त्यावर कोणता उपाय खरोखर चालतो, याचा हा आढावा.

बिघाड इंटरनेटचा की वाय-फायचा?

घरातील इंटरनेट दोन टप्प्यांत येते. पहिला टप्पा म्हणजे इमारतीच्या डक्टमधून घरात आलेली फायबरची तार. ती मुख्य दाराजवळच्या छोट्या डब्यापर्यंत येते. या डब्यात मोडेम आणि राउटर बहुधा एकत्रच असतात. दुसरा टप्पा म्हणजे त्या डब्यापासून मोबाइल किंवा लॅपटॉपपर्यंतचा रेडिओ लहरींचा प्रवास. ग्राहक पैसे मोजतो ते पहिल्या टप्प्याच्या वेगासाठी. बेडरूममध्ये गाडी अडते ती दुसऱ्या टप्प्यात.

दोन्हींची फारकत करायला पाच मिनिटे पुरतात. राउटरपासून दोन मीटरवर उभे राहून मोबाइलवर वेग मोजावा. त्यानंतर तोच मोबाइल घेऊन बेडरूममध्ये पलंगावर बसून पुन्हा मोजावा. दोन्हीकडे वेग कमी आला तर अडचण तारेची किंवा कंपनीची आहे. राउटरवर LOS नावाचा लाल दिवा लागला असेल किंवा लुकलुकत असेल, तर फायबरमधून प्रकाश नीट पोहोचत नाही असे समजावे आणि तक्रार नोंदवावी. पण हॉलमध्ये ९०-९५ एमबीपीएस आणि बेडरूममध्ये तीन-चार असे आकडे आले, तर कंपनीने आपले काम केलेले आहे. अशा वेळी प्लॅन वाढवला तर हॉलमधील ९५ चे २९० होतील, बेडरूममधील तीनचे तीनच राहतील. नळाला पाणी कमी येते ते घरातल्या तुंबलेल्या पाइपमुळे, तर रस्त्यावरची जलवाहिनी मोठी करून उपयोग नाही, तसेच हे.

सिग्नल मोजायचा कसा?

मोबाइलवर दिसणाऱ्या तीन-चार रेघांवर विसंबून चालत नाही. प्रत्येक कंपनीचा फोन त्या आपल्या हिशेबाने दाखवतो. खरा आकडा ‘डीबीएम’ या एककात असतो आणि तो नेहमी उणे असतो. शून्याच्या जितका जवळ, तितका सिग्नल चांगला. उणे ५० म्हणजे उत्तम, उणे ६० म्हणजे चांगला. उणे ६७ पर्यंत व्हिडीओ कॉल सहसा बिनधोक चालतो. उणे ७५ च्या खाली अडखळायला सुरुवात होते आणि उणे ८५ ला नाव दिसते, जोडणी होते, पण पान उघडत नाही. हे मोजमाप साधे नाही, एवढे मात्र लक्षात ठेवायला हवे. आकडा १० ने घसरला की हाती येणारी ताकद एक-दशांश होते, २० ने घसरला की एक-शतांश.

अँड्रॉइड फोनवर वाय-फाय अ‍ॅनालायझर प्रकारची अनेक मोफत अ‍ॅप हा आकडा दाखवतात. आयफोनवर अ‍ॅपलच्याच AirPort Utility या अ‍ॅपमध्ये त्याची सोय आहे. मात्र फोनच्या सेटिंगमध्ये त्या अ‍ॅपखाली Wi-Fi Scanner आधी सुरू करावे लागते. विंडोज लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्टमध्ये पुढील ओळ टाइप करावी.

```
netsh wlan show interfaces
```

उत्तरात Signal या शब्दासमोर टक्केवारी येते. ती निम्मी करून त्यातून १०० वजा केले की अंदाजे डीबीएम मिळतात. ६० टक्के म्हणजे सुमारे उणे ७० आणि ३० टक्के म्हणजे उणे ८५.

मोजणी करताना एकच फोन वापरावा आणि घरभर एका ओळीत चालत जावे : राउटरजवळ, सोफ्यावर, पॅसेजच्या तोंडाशी, बेडरूमच्या उंबऱ्यावर, आत पलंगावर. लहरी भिंतींवर आपटून परततात आणि एकमेकींना कुठे साथ देतात, कुठे मारतात. त्यामुळे फोन वीतभर सरकवला तरी आकडा बदलतो. म्हणून प्रत्येक जागी तीन-चार वेळा पाहून मधला आकडा लिहून घ्यावा. शेवटी बेडरूमचे दार एकदा उघडे आणि एकदा बंद ठेवून मोजावे.

हा कागद हाती आला की निदान जवळजवळ झालेच. आकडे पावलागणिक हळूहळू उतरत गेले असतील तर कारण अंतर आहे. एका ठिकाणी दोन पावलांत १५-२० चा कडा कोसळला असेल, तर त्या दोन पावलांच्या मध्ये जे काही आहे, तेच कारण आहे. उपनगरांतील सहाशे-सातशे चौरस फुटांच्या घरांत बहुधा कडाच सापडतो. दार उघडल्यावर आकडा आठ-दहाने सुधारला, तर सिग्नल भिंतीतून नव्हे, दारातूनच येत होता असा त्याचा अर्थ.

मग जुन्या घरात का चालत होते?

जुन्या सोसायट्यांच्या इमारतींत खांब, तुळया आणि स्लॅब काँक्रीटचे. पण खोल्यांमधील भिंती विटांच्या, साधारण साडेचार इंची. पुनर्विकासातील अनेक टॉवर मात्र ‘मायव्हान’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीने बांधले जातात. अ‍ॅल्युमिनियमचे साचे उभे करून, आत सळयांची किंवा जाळीची गुंफण करून, भिंती आणि स्लॅब एकत्रच ओतले जातात. काम झपाट्याने होते, भिंत गुळगुळीत येते, गळती कमी होते. पण बांधून झाल्यावर प्रत्येक खोली ही काँक्रीटची पेटीच असते.

रेडिओ लहरींच्या दृष्टीने वीट आणि काँक्रीट यांत मोठा फरक आहे. काँक्रीट लहरींची ऊर्जा अधिक शोषते, त्यातील ओल ती आणखी शोषते आणि आतील पोलादी जाळी काही लहरी परतवून लावते. सगळ्याच नव्या इमारती अशा नसतात. काही ठिकाणी आतल्या भिंती हलक्या, सच्छिद्र सिमेंट ब्लॉकच्या असतात आणि त्या विटेइतक्याच किंवा त्याहून सौम्य ठरतात.

भिंत कशाची आहे हे ड्रिल मारताना कळते. प्लास्टरचा थर ओलांडल्यावर लाल भुकटी आली तर वीट, पांढुरकी आणि मऊ भुकटी आली तर हलका ब्लॉक. साध्या ड्रिलला दाद न देणारी, हॅमर ड्रिलच मागणारी भिंत असेल तर ती काँक्रीटची. पडद्याचा रॉड किंवा एसी बसवताना कारागिराने काय म्हटले होते ते आठवले, तरी पुष्कळदा उत्तर मिळते.

दोन बँड, दोन स्वभाव

सध्याचे बहुतेक राउटर दोन बँडवर बोलतात. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर असते, ५ गिगाहर्ट्झच्या लहरींची साधारण सहा. पहिला बँड भिंती त्यातल्या त्यात बरा ओलांडतो, पण त्याचा वेग मर्यादित. दुसऱ्याचा वेग भरपूर, पण भिंतीपुढे तो लवकर हात टेकतो. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा बँड २००५ मध्ये परवानामुक्त झाला, तर ५ गिगाहर्ट्झमधील मोकळी जागा ऑक्टोबर २०१८ मधील अधिसूचनेने बरीच वाढली. परवानामुक्त याचा अर्थ अमर्याद असा नाही. किती ताकदीने प्रक्षेपण करायचे याची सरकारने मर्यादा घालून दिलेली आहे. त्यामुळे ‘जास्त पॉवरचा’ राउटर शोधण्यालाही हद्द आहे.

२.४ चा आणखी एक त्रास मुंबईत विशेष जाणवतो, तो म्हणजे गर्दी. या बँडवर एकमेकांना न अडवणारे चॅनेल तीनच : १, ६ आणि ११. टॉवरमधील एका मजल्यावर चार-सहा घरे, वर-खाली तितकीच, समोरच्या विंगेत आणखी तितकीच. फोनवर वीस-पंचवीस नेटवर्कची नावे सहज दिसतात आणि ती सर्व या तीन चॅनेलवर आळीपाळीने बोलत असतात. सिग्नल चांगला दिसूनही वेग मिळत नाही, रात्री नऊ-दहाच्या सुमारास तो आणखी खालावतो आणि पहाटे सुधारतो, असे असेल तर कारण भिंत नाही, ही गर्दी आहे. गंमत अशी की जी काँक्रीटची भिंत आपला ५ गिगाहर्ट्झ अडवते, तीच शेजाऱ्याचा ५ गिगाहर्ट्झही अडवते. म्हणून त्या बँडवर खोलीच्या आत शांतता असते. तिचा फायदा घ्यायचा तर राउटर, किंवा त्याचा जोडीदार, भिंतीच्या अलीकडे आणावा लागतो.

एका घराचा हिशेब

मुलुंडमधील पुनर्विकसित टॉवरमधले एक नमुनेदार टू बीएचके घर डोळ्यांपुढे आणू. मुख्य दार उघडले की हॉल. दाराशेजारच्या कोपऱ्यात, चपलांच्या कपाटावर राउटर, कारण डक्टमधून आलेली तार तिथेच पोहोचली आणि कंपनीच्या माणसाने तिथेच काम संपवले. हॉलमागे पॅसेज, त्याच्या एका अंगाला बाथरूम आणि टोकाला बेडरूम. राउटर ते पलंग सरळ रेषेत अंतर आठ मीटर. त्या रेषेवर दोन भिंती येतात : हॉल आणि बाथरूममधील एक, बाथरूम आणि बेडरूममधील दुसरी.

राउटर साधारण १०० मिलीवॉटने, म्हणजे अधिक २० डीबीएमने बोलतो असे धरू. ५ गिगाहर्ट्झवर मोकळ्या हवेत पहिल्याच मीटरमध्ये ४७ डेसिबल खर्ची पडतात. तेथून पुढे अंतर दुप्पट झाले की प्रत्येक वेळी सहा. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ मीटर होईपर्यंत आणखी १८ गेले. वीसमधून ४७ आणि १८ वजा करता उरले उणे ४५. म्हणजे मध्ये भिंती नसत्या तर पलंगावर उत्तम सिग्नल असता. आठ मीटर हे अंतर वाय-फायला मुळीच जड नाही.

आता भिंती घालू. जुन्या घरातील साडेचार इंची विटेची भिंत ५ गिगाहर्ट्झवर ढोबळमानाने सात डेसिबल खाते. दोन भिंतींचे १४, म्हणून पलंगावर उणे ५९. सगळे छान चालेल. नव्या घरातील पाच-सहा इंची काँक्रीटची भिंत मात्र सुमारे २० डेसिबल खाते. दोन भिंतींचे ४० गेले की पलंगावर उणे ८५. अंतर तेच, राउटर तोच, प्लॅन तोच. पण सिग्नलची ताकद जुन्या घराच्या चारशेव्या हिश्शावर आली.

हाच हिशेब २.४ गिगाहर्ट्झवर मांडला तर पहिल्या मीटरला ४०, अंतराचे १८ आणि त्याच दोन काँक्रीटच्या भिंतींचे प्रत्येकी साधारण १२ असे वजा होऊन पलंगावर उणे ६२ उरतात. म्हणजे एक बँड मेलेला असताना दुसरा कामापुरता जिवंत असतो. शेजारच्या गर्दीमुळे त्यावर वीस-तीस एमबीपीएस मिळतील, पण कॉल तुटणार नाही.

प्रत्यक्षात आकडे याहून थोडे वेगळे येतील. काही लहरी पॅसेजमधून वळसा घेऊन, उघड्या दारातून आत येतात, त्यामुळे सिग्नल हिशेबापेक्षा बरा निघू शकतो. उलट, भिंत तिरकी ओलांडावी लागली तर लहरींना तिच्यातून जास्त लांब वाट काटावी लागते आणि सहा इंची भिंत आठ-दहा इंचांसारखी वागते. बाथरूमच्या भिंतीत टाइल्स आणि नळांचे पाइप असतात. त्या रेषेत लोखंडी कपाट किंवा पूर्ण उंचीचा आरसा लावलेला वॉर्डरोब असेल तर तो लहरींसाठी आणखी एक अडसर ठरतो. आरशामागचा धातूचा थर पत्र्यासारखा वागतो. लिफ्टची भिंत मध्ये आली तर आशा सोडावी.

राउटर चार मीटर सरकवला तर?

याच घरात राउटर चपलांच्या कपाटावरून उचलून पॅसेजच्या तोंडाशी, बेडरूमच्या दिशेने आणला, तर पलंगापासूनचे अंतर चार मीटर होते आणि मध्ये एकच भिंत उरते. अंतर निम्मे झाल्याने सहा डेसिबल वाचतात, एक भिंत गेल्याने २०. उणे ८५ चे उणे ५९ होतात. २६ डेसिबलच्या या कमाईत अंतराचा वाटा सहाचा आणि भिंतीचा २० चा. या साऱ्या प्रकरणाचे सार या दोन आकड्यांत आहे. राउटर जवळ आणण्यापेक्षा भिंत मधून काढणे महत्त्वाचे. पॅसेजमधून बेडरूमचे लाकडी दार समोर दिसत असेल तर आणखी उत्तम. लाकडी दार चार-पाच डेसिबलच खाते.

जागा बदलण्याआधी तात्पुरती चाचणी घेता येते. राउटर आहे तिथेच ठेवून दुसऱ्या मोबाइलचा हॉटस्पॉट ५ गिगाहर्ट्झवर सुरू करावा, तो मोबाइल प्रस्तावित जागी स्टुलावर ठेवावा आणि बेडरूममध्ये त्याचा आकडा मोजावा. मोबाइलची ताकद राउटरपेक्षा कमी असल्याने खरा राउटर यापेक्षा थोडा चांगलाच निघेल. भिंतीला भोक पाडण्याआधी, पैसा खर्च न करता जागेचा निकाल लागतो.

राउटर हलवताना फायबरची तार स्वतः ओढू नये. आत केसाइतकी बारीक काच असते. तीव्र वळण दिले तर प्रकाश गळतो, कोपऱ्यावर दाबली तर तुटते. लांब फायबर कंपनीकडून टाकून घ्यावी. किंवा डबा दाराशीच ठेवून, त्याच्या लॅन पोर्टपासून साधी नेटवर्क केबल ओढावी आणि पॅसेजमध्ये वेगळा राउटर बसवावा. राउटर छातीच्या उंचीपासून डोक्यापर्यंत कुठेही, मोकळ्यावर असावा. टीव्हीच्या मागे, शोकेसमध्ये, फ्रिजवर किंवा इन्व्हर्टरच्या कपाटात नको. उभ्या अँटेनाच्या लहरी आडव्या पसरतात, शेंड्याच्या दिशेने नाही. म्हणून त्याच मजल्यावर सिग्नल हवा असेल तर अँटेना उभ्याच ठेवाव्यात, बेडरूमकडे बंदुकीसारख्या रोखू नयेत.

रेघा भरलेल्या, तरी पान उघडत नाही, असे का?

वाय-फाय हा संवाद दुतर्फा आहे. राउटरचा आवाज मोठा, फोनचा लहान. फोनला बॅटरी वाचवायची असते आणि त्याची अँटेनाही छोटी. बेडरूममधील फोनला राउटर ऐकू येतो, म्हणून रेघा दिसतात; पण फोनचे उत्तर दोन भिंती ओलांडून राउटरपर्यंत पोहोचत नाही. म्हणून केवळ जास्त ताकदीचा राउटर आणून हा प्रश्न सुटत नाही. मोठ्याने ओरडणाऱ्याला समोरच्याचे कुजबुजणे त्यामुळे अधिक ऐकू येत नाही.

दुसरे कारण फोनच्या चिकटपणाचे. हॉलमधून ५ गिगाहर्ट्झवर जोडलेला फोन बेडरूममध्ये आल्यावरही तोच मरतुकडा धागा धरून बसतो, २.४ वर उतरत नाही. वाय-फाय बंद करून पुन्हा सुरू केल्यावर लगेच सुधारणा झाली, तर हेच कारण समजावे. राउटरच्या सेटिंगमध्ये दोन्ही बँडना वेगळी नावे देऊन बेडरूममधील उपकरणे २.४ वर जोडणे, हा त्यावरचा बिनखर्ची मार्ग आहे. २.४ साठी चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवावी आणि १, ६, ११ यांपैकी आपल्या बेडरूममध्ये ज्यावर शेजाऱ्यांचे सिग्नल सर्वांत दुबळे दिसतात तो चॅनेल निवडावा.

रिपीटर, मेश की केबल?

जागा बदलणे शक्य नसेल तर पुढचा विचार उपकरणांचा. सर्वांत स्वस्त म्हणून रिपीटर घेतला जातो आणि बहुतेक घरांत तो चुकीच्या जागी लावला जातो : थेट बेडरूममध्ये. तिथे त्याला स्वतःलाच उणे ८५ चा सिग्नल मिळतो आणि तो तीच मोडकी गोष्ट मोठ्या आवाजात पुन्हा सांगतो. फोनवर सगळ्या रेघा भरतात, वेग मात्र वाढत नाही. रिपीटर अशा जागी हवा, जिथे राउटरचा सिग्नल उणे ६० ते ६५ च्या आसपास आहे आणि जिथून बेडरूमकडे मोकळी वाट आहे. म्हणजे बहुधा पॅसेजमध्ये. तिथे प्लगपॉइंट असतोच असे नाही, ही खरी अडचण. शिवाय साधा रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतो आणि बोलतो, त्यामुळे मिळणारा वेग जवळपास निम्मा होतो.

मेश म्हणजे एकमेकांशी जुळवून घेणारे दोन-तीन राउटर. फोन एकाकडून दुसऱ्याकडे सुरळीत जातो, हा त्यांचा फायदा. पण दोन मेश यंत्रांमधील दुवा वायरलेस असेल, तर त्यालाही तीच काँक्रीटची भिंत ओलांडायची असते. महागडा मेश संच आणूनही निराशा पदरी येते ती यामुळेच. दुसरे यंत्र बेडरूमच्या आत नव्हे, दाराबाहेर ठेवावे; किंवा दोन्ही यंत्रे केबलने जोडावीत.

काँक्रीटच्या घरात खात्रीचा उपाय शेवटी केबल हाच आहे. कॅट ५ई किंवा कॅट ६ प्रकारची तांब्याची नेटवर्क केबल १०० मीटरपर्यंत एक गिगाबिटचा वेग नेते. घरात १५-२० मीटर पुरते. बेडरूममध्ये तिच्या टोकाला अ‍ॅक्सेस पॉइंट लावला की खोलीच्या आतच ५ गिगाहर्ट्झ मिळतो. घरात जुना राउटर पडून असेल तर तोच हे काम करतो. त्याच्या सेटिंगमध्ये AP mode निवडावा. तो पर्याय नसेल तर त्याला मुख्य राउटरच्या मालिकेतला, पण न वापरलेला पत्ता द्यावा, DHCP बंद करावे आणि केबल त्याच्या लॅन पोर्टमध्ये लावावी. नाव आणि पासवर्ड मुख्य राउटरचेच ठेवावेत, चॅनेल मात्र वेगळा. दोन राउटर दोघेही पत्ते वाटू लागले तर कधी चालते, कधी नाही असा घोळ होतो. तो DHCP बंद केल्याने टळतो.

केबल नेण्यासाठी भिंत फोडावी लागतेच असे नाही. बहुतेक नव्या घरांत हॉलमधून बेडरूमपर्यंत टीव्ही किंवा टेलिफोनसाठी भिंतीत पाइप टाकलेला असतो. टीव्हीच्या स्विचबोर्डाची पाटी उघडून त्यात जुनी केबल दिसते का पाहावे. तिच्याच आधाराने नवी केबल ओढता येते. विजेच्या तारांच्या पाइपमधून मात्र ती नेऊ नये. ते धोक्याचेही आहे. भाड्याच्या घरात चपटी केबल स्कर्टिंगच्या कडेने, दाराच्या फटीतून नेता येते.

ताबा घेण्याआधी काय पाहावे?

काँक्रीट ओतून झाल्यावर भिंतीत पाइप टाकता येत नाही. मायव्हान पद्धतीत पाइप साच्यातच बसवावे लागतात. म्हणून पुनर्विकासाचा आराखडा ठरत असतानाच सोसायटीने बिल्डरकडे एक मागणी लेखी नोंदवणे शहाणपणाचे : मुख्य दाराजवळ फायबरचा डबा, तेथून हॉलच्या मध्यावर आणि प्रत्येक बेडरूममध्ये नेटवर्क केबलसाठी स्वतंत्र पाइप, आणि त्या प्रत्येक टोकाशेजारी विजेचा पॉइंट. खर्चाच्या दृष्टीने ही बाब किरकोळ आहे. नंतर मात्र ती कोणत्याही किमतीत नीट होत नाही.

दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ‘ट्राय’ने, ऑक्टोबर २०२४ मध्ये इमारतींना डिजिटल जोडणीसाठी मानांकन देण्याचे नियम अधिसूचित केले आहेत. फायबरची तयारी, इमारतीच्या आतील मोबाइल आणि वाय-फायची सोय अशा बाबी त्यात पाहिल्या जातात. घर घेताना पाणी, पार्किंग आणि लिफ्टबद्दल जसे विचारले जाते, तसे या मानांकनाबद्दलही बिल्डरला विचारता येते.

ज्यांनी आधीच ताबा घेतला आहे, त्यांच्यासाठी क्रम सोपा आहे. आधी दोन जागी वेग, मग पाच जागी सिग्नल, मग राउटरची जागा, मग बँडची निवड आणि हे सगळे अपुरे पडले तरच केबल. प्लॅन वाढवण्याचा विचार त्यानंतर, आणि तोही हॉलमधला वेगच कमी पडत असेल तर.